कुठल्या चुकीचे वर्ग केलेस?

उभा राहा, आणि तुझ्या रिपोर्टचं शेवटचं पान सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं वाच. मोजलेली त्रिज्या ८९.३१४२ मिमी. ड्रॉइंगवरची त्रिज्या १०० मिमी. निष्कर्ष: जॉब रिजेक्ट. खाली तारीख आणि सही.

तो जॉब टेबलावर मी ठेवला होता. तो आधीच सीएमएमवर, जवळजवळ अर्धा गोल प्रोबने फिरून, नीट मोजलेला आहे. त्याची त्रिज्या १०० मिमीच आहे. तू त्याच्या माथ्यावरचा २० मिमी व्यासाचा गोल तुकडा लेझर स्कॅनरने टिपलास, ४०० बिंदू घेतलेस, गोलाचं समीकरण रेषीय करून सोडवलंस, आणि एक चांगला जॉब भंगारात काढलास. कारखान्यात हे केलं असतंस, तर ज्याने तो घासून पॉलिश केला त्याच्या कामावर तुझ्या सहीने काट मारली गेली असती. म्हणून आज मी तुला सोडणार नाही.

तुझी सबब मी ऐकली. बिंदू कमी पडले, ४०० ऐवजी ४००० घेतो, म्हणतोस. ४००० घे, ४०,००० घे. उत्तर ८९च्या आसपासच येईल, आणि ते आणखी ठाम दिसेल. तुझ्या चुकीला बिंदूंची संख्या जबाबदार नाही. तू कशाचे वर्ग किमान करतो आहेस हे तुला ठाऊक नव्हतं, आणि तरीही सही केलीस. खडू घे. पहिल्यापासून करू.

गोलाचं समीकरण लिही. केंद्र (a, b, c), त्रिज्या r.

(x − a)² + (y − b)² + (z − c)² = r²

यात a, b, c वर्गात अडकलेले आहेत, म्हणून हे रेषीय नाही. कंस सोडव आणि बिंदूचे वर्ग एका बाजूला ने.

2a·x + 2b·y + 2c·z + d = x² + y² + z²

d = r² − a² − b² − c²

आता नीट बघ. x, y, z मोजलेले आहेत, म्हणजे ते आकडे आहेत. अज्ञात फक्त चार: a, b, c आणि d. चारही पहिल्या घातात आहेत. प्रत्येक बिंदू एक ओळ देतो: डावीकडे 2x, 2y, 2z, 1 आणि उजवीकडे x² + y² + z². ४०० बिंदूंच्या ४०० ओळी, चार अज्ञात, लीस्ट स्क्वेअर्सने एका फटक्यात उत्तर. सुरुवातीचा अंदाज लागत नाही, फेऱ्या माराव्या लागत नाहीत. युक्ती चांगली आहे. तिच्याशी माझं भांडण नाही. ती न समजता वापरणाऱ्याशी आहे.

आधी सहा बिंदूंवर हाताने कर. (7, 3, 1) आणि (−3, 3, 1) हे दोन घे. पहिल्याची ओळ: 14a + 6b + 2c + d = 59. दुसऱ्याची: −6a + 6b + 2c + d = 19. वजा केल्यावर 20a = 40, म्हणजे a = 2. तसंच (2, 8, 1) आणि (2, −2, 1) यांच्या वजाबाकीतून 20b = 60, b = 3. (2, 3, 6) आणि (2, 3, −4) यांच्यातून 20c = 20, c = 1. पहिल्या ओळीत घाल: 28 + 18 + 2 + d = 59, म्हणून d = 11.

इथे वर्गातल्या तिघांनी d चं वर्गमूळ काढून त्रिज्या ३.३२ लिहिली आहे. d म्हणजे त्रिज्येचा वर्ग नव्हे! d ची व्याख्या दोन ओळी वर तुम्हीच लिहिली होती. r² = 11 + 4 + 9 + 1 = 25, त्रिज्या 5. उत्तर आल्यावर एक बिंदू परत समीकरणात घालून बघायला अर्धं मिनिट लागतं. (7, 3, 1) पासून (2, 3, 1) पर्यंतचं अंतर ५ आहे हे डोळ्यांनी दिसतं. तेवढंही कुणी केलं नाही.

आता तुझ्याकडे येतो. सहा बिंदू अचूक होते म्हणून सगळ्या ओळी तंतोतंत जुळल्या. मोजमापात त्या जुळत नाहीत. प्रत्येक ओळीत काहीतरी शिल्लक राहतं, आणि लीस्ट स्क्वेअर्स त्या शिलकीच्या वर्गांची बेरीज किमान करते. ही शिल्लक कसली आहे? रिपोर्टमध्ये तू तिला "पृष्ठभागापासूनचं अंतर" म्हटलं आहेस. ते खोटं आहे. बिंदूचं केंद्रापासूनचं अंतर ρ मान. मग आपल्या ओळीतली शिल्लक येते ρ² − r². तिचे अवयव पाड:

ρ² − r² = (ρ − r)(ρ + r)

पहिला कंस म्हणजे खरं अंतर, बिंदू पृष्ठभागाच्या किती बाहेर किंवा आत आहे ते. दुसरा कंस साधारण 2r. म्हणजे तुझी शिल्लक मिलीमीटरमध्ये नाहीच, ती चौरस मिलीमीटरमध्ये आहे. प्रोग्रॅमने तिच्या वर्गांची बेरीज छापली, ती मिलीमीटरच्या चौथ्या घातात होती, आणि तू तिच्यासमोर "मिमी" लिहून मोकळा झालास. एकक लिहिताना हात थांबला असता तर हा सगळा घोळ तिथेच उघडा पडला असता.

तरीही प्रत्येक वेळी याने नुकसान होतं असं नाही. त्याच सहा बिंदूंत (7, 3, 1) ऐवजी (7.1, 3, 1) घे, म्हणजे एका बिंदूत ०.१ची चूक. रेषीय पद्धतीने सोडवलंस तर केंद्राचा x २.०५०३ येतो आणि त्रिज्या ५.०१६९. खऱ्या अंतरांचे वर्ग किमान केलेस तर त्रिज्या ५.०१६८ येते. चौथ्या दशांश स्थळावर एकाचा फरक. बिंदू गोलाच्या सर्व बाजूंना पसरलेले असले की रेषीय पद्धत इतकी प्रामाणिक असते. हे उदाहरण पुस्तकात बघून तुम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं की पद्धत नेहमीच अशी वागते. तुझ्या जॉबवर बिंदू सर्व बाजूंना होते का? १०० मिमी त्रिज्येच्या गोलाचा १० मिमी त्रिज्येचा तुकडा तू घेतलास. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भांड्यातली सगळी शितं सारखी शिजलेली असतात. गोलाच्या एवढ्याशा तुकड्यात गोलपणाची माहिती किती आहे, ते आधी मोजावं लागतं.

ती मोजायला संगणक लागत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत स्फेरोमीटर फिरवला होतास ना? कडेपासून माथ्यापर्यंतचा फुगवटा s, तुकड्याची त्रिज्या h, तर s जवळजवळ h²/(2R). १०० भागिले २००, म्हणजे अर्धा मिलीमीटर. तुझा तुकडा सपाट चकतीपेक्षा फक्त अर्धा मिलीमीटर वेगळा आहे. गोल कोणता आहे याची सगळी साक्ष त्या अर्ध्या मिलीमीटरात दडलेली आहे. आणि स्कॅनरची एका रीडिंगमधली चूक, तूच लिहिली आहेस, ०.०५ मिमी. म्हणजे चूक साक्षीच्या दहाव्या हिश्श्याएवढी. हे दोन आकडे तुझ्या वहीत वेगवेगळ्या पानांवर आहेत. एकदाही शेजारी ठेवून पाहिले नाहीस.

आता उत्तर खालीच का आलं, वर का नाही, ते समज. मोजमापाच्या चुकीने उत्तर कधी कमी, कधी जास्त यायला हवं. तुझ्या शेजारच्या तिघांनी हाच जॉब मोजला आणि तिघांचीही त्रिज्या ८८ ते ९१च्या दरम्यान आली. सगळ्यांची चूक एकाच दिशेला जाते तेव्हा त्यामागे कारण असतं, आणि ते शोधणं हेच तुमचं काम होतं.

मूळबिंदू माथ्यावर ठेव आणि z केंद्राच्या दिशेने मोज. तुकडा सगळीकडे सारखा पसरलेला आहे, म्हणून a आणि b शून्य धरायला हरकत नाही. ओळ उरते:

2c·z + d = x² + y² + z²

उजव्या बाजूला x² + y² शून्यापासून १०० पर्यंत जातो. z² फार तर पाव. म्हणजे उजवी बाजू जवळजवळ बिनचूक आहे. चूक आहे ती z मध्ये, आणि z बसला आहे डावीकडे, मॅट्रिक्सच्या रकान्यात. लीस्ट स्क्वेअर्सचं गृहीतक काय आहे? डावीकडचे रकाने पक्के, चूक फक्त उजवीकडे. तू नेमकं उलटं दिलंस. जो आकडा शुद्ध होता तो संशयित ठरवलास, आणि जो डळमळीत होता त्याला पक्का धरलंस.

याचा परिणाम कसा होतो बघ. c म्हणजे उजवी बाजू z च्या मानाने किती वेगाने वाढते, त्याचा निम्मा. खरे z शून्य ते अर्धा मिलीमीटर यांच्यात सारखे पसरलेले आहेत, त्यांचा व्हेरिअन्स s²/12, अर्थात ०.०२०८. त्यात स्कॅनरच्या चुकीचं ०.०५² = ०.००२५ मिसळलं. z चा पसारा आहे त्यापेक्षा मोठा दिसू लागला, ०.०२३३. उजवी बाजू मात्र तेवढीच वाढते आहे. म्हणजे वेग कमी दिसणारच. किती कमी? ०.०२०८ भागिले ०.०२३३, म्हणजे ०.८९३. १०० मिमीचे झाले ८९.३ मिमी. तुझ्या रिपोर्टमधला आकडा हाच आहे. तो जॉबने दिलेला नाही, तुझ्या पद्धतीने दिलेला आहे.

हे सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. उथळ तुकडा, बिंदू सारखे पसरलेले, चूक z च्या दिशेला σ, फुगवटा s, तर रेषीय पद्धतीने येणारी त्रिज्या साधारण अशी असते:

R / (1 + 12σ²/s²)

यात बिंदूंची संख्या कुठे आहे? नाही. म्हणूनच म्हटलं की ४०,००० बिंदू घेऊन काही होणार नाही. बिंदू वाढले की उत्तराचं डोलणं कमी होतं, त्याचा कल जात नाही. हे दोन्ही वेगळे आहेत, आणि इतकी वर्षं शिकूनही तुम्ही त्यांची गल्लत करता याचा मला राग आहे.

आता म्हणशील, मला कळणार कसं? माझ्याकडे सीएमएमचा आकडा नव्हता. बरोबर, नव्हता. पण तपासायची साधनं तुझ्याच ४०० बिंदूंत होती. तू फक्त आरएमएस पाहिलास. खऱ्या १०० मिमीच्या गोलापासून तुझ्या बिंदूंचा आरएमएस ०.०५० मिमी आहे. तुझ्या ८९.३च्या गोलापासून ०.०५३. त्रिज्या दहा टक्क्यांहून जास्त चुकली आणि आरएमएस तीन मायक्रॉन हलला. त्या एका आकड्यावर विसंबून "फिट उत्तम" असं लिहिणं म्हणजे डोळे मिटून सही करणं.

त्याऐवजी दोन गोष्टी करायच्या होत्या. पहिली: प्रत्येक बिंदूचं खरं अंतर ρ − r काढ, मिलीमीटरमध्ये, आणि माथ्यापासून कडेपर्यंत पाच-सहा कड्या करून प्रत्येक कडीची सरासरी घे. फिट बरोबर असेल तर सरासऱ्या शून्याभोवती विस्कळीत दिसतील. तुझा गोल खऱ्यापेक्षा जास्त वाकडा आहे, त्यामुळे माथ्यापासून कडेपर्यंत सरासऱ्या एकाच दिशेने ०.०६ मिमीच्या आसपास सरकत जातील. एकट्या बिंदूत हा फरक ०.०५च्या चुकीत लपून जातो. साठ-सत्तर बिंदूंच्या सरासरीत तो लपू शकत नाही.

दुसरी तपासणी त्याहून सोपी. शेजारशेजारच्या चार-चार बिंदूंची सरासरी घेऊन १०० बिंदू कर आणि पुन्हा सोडव. चुकीचा σ निम्मा झाला, ०.०२५. सूत्रात घाल: त्रिज्या ९७.१ येईल. जॉब तोच, रीडिंग तीच, आणि उत्तर ८९ वरून ९७ वर गेलं. असं उत्तर ज्याला दिसतं तो माणूस त्यावर सही करूच शकत नाही.

मग करायचं काय? रेषीय पद्धत फेकून द्यायची नाही. तिच्या उत्तराला शेवट मानायचं नाही, सुरुवात मानायची. तिथून निघून खऱ्या अंतरांचे वर्ग किमान करायचे. प्रत्येक फेरीत केंद्र थोडं हलवलं तर ρ − r किती बदलतो ते लिहायचं, तेवढं छोटं रेषीय गणित सोडवायचं, केंद्र आणि त्रिज्या सुधारायची, आणि सुधारणा नगण्य होईपर्यंत हेच करायचं. यालाच गाऊस–न्यूटन म्हणतात. P मध्ये बिंदू, आणि c व r मध्ये रेषीय पद्धतीने आलेलं केंद्र व त्रिज्या ठेवून:

```python
for _ in range(20):
    v = P - c
    rho = np.linalg.norm(v, axis=1)
    J = np.c_[-v / rho[:, None], -np.ones(len(P))]
    step = np.linalg.lstsq(J, r - rho, rcond=None)[0]
    c, r = c + step[:3], r + step[3]
```

उथळ तुकड्यावर याचा अर्थ असा की आता z हा x² + y² च्या आधारे जुळवला जातो, म्हणजे चूक असलेला आकडा पुन्हा आपल्या जागी, शिलकीच्या बाजूला आला. कल जवळजवळ नाहीसा होतो. फेऱ्या नकोच असतील तर प्रॅट यांची १९८७ची किंवा ताउबिन यांची १९९१ची पद्धत वाच. दोघांनीही ρ² − r² हीच शिल्लक ठेवली, पण तिला योग्य मापाने भागलं, म्हणजे लहान गोल निवडून शिल्लक फुकट कमी करून घेण्याची वाट बंद झाली.

पण इथेही हुरळून जाऊ नकोस. कल गेला म्हणजे अचूकता आली असं नाही. तुझे ४०० बिंदू आणि ०.०५ची चूक धरून गाऊस–न्यूटनच्या त्रिज्येत सुमारे १.७ मिमीचं प्रमाणित विचलन राहतं. म्हणजे उत्तर ९८ येऊ शकतं, १०२ येऊ शकतं. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स अर्ध्या मिलीमीटरचा आहे. या रीडिंगवरून जॉब रिजेक्ट करता येत नाही, आणि पासही करता येत नाही. "या मोजणीवरून निर्णय देता येत नाही" हे वाक्य लिहायचं धाडस हवं होतं. ते लिहून पुढे मागणी करायची होती: तुकडा मोठा घ्या. २० मिमी त्रिज्येचा तुकडा घेतलास तर फुगवटा चौपट होतो, दोन मिलीमीटर. रेषीय पद्धतीचा कल सोळापट घटून पाऊण टक्क्यावर येतो, आणि तेवढ्याच बिंदूंत गाऊस–न्यूटनचं विचलन ०.४ मिमीच्या आसपास येतं. एक मोठा तुकडा तुझ्या ४००० बिंदूंपेक्षा मोलाचा होता.

आता मागच्या बाकावरचे दोघे, तुम्ही हसू नका. तुमचा गट मैदानात १४५ मिमी व्यासाचे पांढरे गोळे स्कॅन करून आला. केंद्र शोधायचं होतं. तुमच्या प्रोग्रॅमने त्रिज्येच्या जागी ऋण संख्येचं वर्गमूळ मागितलं आणि तुम्ही "स्कॅनर बिघडला" असं लिहिलंत. स्कॅनर ठणठणीत आहे. तुम्ही सर्वेक्षणाचे यूटीएम सहनिर्देशक तसेच्या तसे मॅट्रिक्समध्ये ओतलेत. पुण्याजवळ पूर्वेकडचा आकडा सुमारे ३,८०,००० मीटर आणि उत्तरेकडचा सुमारे २०,४८,००० मीटर असतो. त्यांचे वर्ग करून बेरीज केली की ४.३ लाख कोटी चौरस मीटर. संगणकाच्या दुहेरी अचूकतेच्या संख्येला सोळाएक अंक मिळतात. एवढ्या मोठ्या संख्येपाशी तिची लहानात लहान पायरी असते सुमारे ०.०००५. तुमच्या गोळ्याच्या त्रिज्येचा वर्ग किती? ०.०७२५ चा वर्ग, ०.००५३. म्हणजे जे शोधायचं ते फक्त दहा-अकरा पायऱ्यांएवढं, आणि ते मिळवायचं अशा महाकाय संख्यांच्या वजाबाकीतून. गणित सुरू व्हायच्या आधीच गोळा हरवला होता. त्यावर काहींनी मॅट्रिक्सला तिच्याच ट्रान्सपोजने गुणून उरलेसुरले अंकही घालवले.

उपाय एका ओळीचा आहे. आधी सगळ्या बिंदूंची सरासरी वजा करायची, गोळा मूळबिंदूजवळ आणायचा, सोडवायचं, आणि शेवटी केंद्रात सरासरी परत मिळवायची. मूळबिंदू सरकवल्याने ρ² − r² बदलत नाही, म्हणून गणिताचं उत्तर तेच राहतं. फक्त संगणकाचे अंक वाया जात नाहीत.

```python
def gol(P):
    m = P.mean(axis=0)
    Q = P - m
    A = np.c_[2*Q, np.ones(len(Q))]
    f = (Q**2).sum(axis=1)
    s, _, rank, sv = np.linalg.lstsq(A, f, rcond=None)
    r = np.sqrt(s[3] + s[:3] @ s[:3])
    return s[:3] + m, r, rank, sv
```

lstsq ने परत दिलेली शेवटची दोन मूल्यं, rank आणि sv, तुमच्यापैकी कुणीही छापली नाहीत. त्यांच्याकडे दुर्लक्ष करून एका मुलीने बिनबोभाट चुकीचं उत्तर दिलं आहे. तिने प्रोब एकाच उंचीवर फिरवला आणि सगळे बिंदू एका वर्तुळावर घेतले. एका वर्तुळातून असंख्य गोल जातात. फुगे जसे लहान-मोठे असतात तसे सगळे, आणि प्रत्येकाची शिल्लक शून्य. त्रिज्या ठरवायला एकही साक्षीदार नाही. तरी प्रोग्रॅम गप्प बसला नाही. तिने सरासरी वजा केलीच होती, त्यामुळे z चा रकाना पूर्ण शून्य झाला, lstsq ने सगळ्यात लहान उत्तर निवडलं, म्हणजे c शून्य, आणि त्या वर्तुळाच्या त्रिज्येचाच गोल काढून दिला. आकडा सुरेख, शिल्लक शून्य, आणि उत्तराला आधार काहीच नाही. rank मध्ये ४ऐवजी ३ आले होते. तेवढा एक अंक सगळं सांगत होता. खऱ्या मोजणीत थोडी चूक असते, तेव्हा rank ४ दिसेल, पण शेवटचं सिंग्युलर मूल्य बाकीच्यांच्या मानाने नगण्य असेल. म्हणून दोन्ही बघायचे.

आता खाली बसायच्या आधी ऐक. उद्या सकाळी रिपोर्ट पुन्हा माझ्या टेबलावर हवा, आणि सगळ्यांनी याच क्रमाने लिहायचा. पहिल्या ओळीत फुगवटा s आणि यंत्राची चूक σ शेजारी-शेजारी. त्यानंतर 12σ²/s² चा आकडा. मग सरासरी वजा करून रेषीय पद्धतीचं उत्तर, rank आणि सिंग्युलर मूल्यांसकट. मग गाऊस–न्यूटनचं उत्तर, आणि दोघांतला फरक मिलीमीटरमध्ये. मग कड्यांच्या सरासऱ्यांचा आलेख. त्रिज्येसमोर तिचं विचलन लिहिल्याशिवाय एकही आकडा चालणार नाही, आणि विचलन पावणेदोन मिलीमीटरचं असताना चार दशांश स्थळं लिहिणाऱ्याचा रिपोर्ट मी न वाचता परत देईन. शेवटी निष्कर्ष. तो "निर्णय देता येत नाही" असा असला तरी चालेल. त्या वाक्याखाली सही करायला मला लाज वाटणार नाही, आणि तुलाही वाटता कामा नये.